गरोदरपणाच्या आड लपणारे ताप

आशा कार्यकर्त्या आणि परिचारिका भगिनींनो, आज मी मुख्यतः एकाच रुग्णाबद्दल बोलणार आहे. ऑगस्ट महिना होता. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातली २२ वर्षांची पहिलटकरीण, सातवा महिना चालू असताना, थंडी वाजून ताप येतो म्हणून चौथ्या दिवशी आमच्याकडे आणली गेली. पहिल्याच दिवशी गावात बोटाच्या रक्तावर मलेरियाची झटपट तपासणी झाली होती. तीत मलेरिया निघाला नाही, म्हणून पॅरासिटामॉल देऊन तिला घरी ठेवले. कंबर दुखत होती, पण सातव्या महिन्यात कंबर कोणाची दुखत नाही? लघवीला वारंवार जावे लागत होते, ते पोट वाढल्यामुळे असे ठरले. जळजळ होते म्हटल्यावर सासूबाईंनी उन्हाळी लागली म्हणून धन्याचे पाणी सुरू केले. यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. प्रत्येक लक्षणाला गरोदरपणाचे एक सोयीस्कर स्पष्टीकरण मिळत गेले, एवढेच.

ती आली तेव्हा ताप १०३ अंश आणि नाडी मिनिटाला १२४ होती. पाठीवर उजव्या बरगडीच्या खाली हलकेच थोपटले तरी ती कळवळत होती आणि दर दहा मिनिटांनी गर्भाशय कडक होत होते. हा मूत्रपिंडापर्यंत चढलेला जंतुसंसर्ग होता. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात. त्यातच वाढते गर्भाशय बहुधा उजवीकडे कलते आणि उजव्या मूत्रवाहिनीवर दाब येतो. लघवी साचून राहते आणि मूत्राशयातल्या जंतूंना वर चढायला आयती वाट मिळते. म्हणूनच हे दुखणे उजव्या बाजूला अधिक आढळते. जंतू रक्तात उतरले तर आईचा रक्तदाब कोसळू शकतो, फुप्फुसांत पाणी साचू शकते आणि वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात.

लघवीचा नमुना कल्चरसाठी घेतल्याबरोबर आम्ही शिरेतून सेफ्ट्रिअॅक्सोन आणि सलाइन सुरू केले, कारण अहवाल यायला दोन दिवस लागतात आणि तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता. मूत्राशयापुरत्या संसर्गात वापरली जाणारी नायट्रोफ्युरँटॉइनची गोळी इथे उपयोगाची नव्हती, कारण ते औषध मूत्रपिंडाच्या ऊतींत पुरेशा प्रमाणात पोचत नाही. अहवालात ई. कोलाय हा जंतू निघाला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, कळा थांबल्या आणि पुढे गोळ्यांवर एकूण १४ दिवसांचा उपचार पूर्ण केला.

पण पहिल्या दिवशीच्या त्या तपासणीवर विसंबून मलेरियाचा विचार आम्ही सोडून दिला नव्हता. फॅल्सिपेरम जातीच्या परजीवीने ग्रासलेल्या तांबड्या पेशी वारेला चिकटून बसतात, त्यामुळे बोटाच्या रक्तात त्या अगदी थोड्या सापडतात किंवा सापडतही नाहीत. पहिलटकरणीला धोका अधिक असतो, कारण वारेला चिकटणाऱ्या या परजीवीविरुद्धची प्रतिकारशक्ती तिच्या शरीरात अजून तयार झालेली नसते. वारेतून बाळाला मिळणारे पोषण कमी होते आणि आईचे हिमोग्लोबिन झपाट्याने घसरते. रक्तातली साखरही अचानक उतरू शकते, म्हणून अशी बाई गुंगीत दिसली तर आधी साखर तपासावी. ताप टिकून असेल तर १२ ते २४ तासांनी रक्ताची काचपट्टी पुन्हा घ्यावी लागते. आम्ही ती दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा परजीवी दिसले नाहीत. मलेरिया निघाला असता तर महिन्यानुसार औषध ठरले असते. मात्र व्हायवॅक्समध्ये यकृतात दडलेले परजीवी मारणारे प्रायमाक्विन गरोदरपणात कोणत्याच महिन्यात देत नाहीत.

डेंग्यूची एनएस-१ चाचणीही आम्ही केली, ती ताप आल्यापासूनच्या पहिल्या पाच दिवसांतच भरवशाची असते. डेंग्यूची फसवणूक वेगळी आहे. ताप उतरला की घरचे निश्चिंत होतात, पण रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचे सर्वांत धोक्याचे दोन दिवस बहुधा तेव्हाच सुरू होतात. एरवी रक्त घट्ट झाल्यावरून हे झिरपणे ओळखता येते. गरोदर बाईचे रक्त मुळातच पातळ झालेले असल्याने घट्टपणाचा आकडा वाढूनही सर्वसाधारण वाटतो. म्हणून तिचा आकडा तिच्याच आधीच्या आकड्याशी ताडून पाहावा. पोटात सतत दुखणे, उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त येणे यांपैकी काहीही दिसले तर घरी ठेवू नये. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल द्यावे. अॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढतो.

आता या बाईचा ताप टाळता आला असता का? बहुधा आला असता. अनेक गरोदर बायकांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू असतात आणि उपचार न केल्यास त्यांतल्या जवळपास चौघींपैकी एकीला पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होतो. पहिल्याच भेटीत, सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेचा नमुना स्वच्छ बाटलीत घेऊन कल्चर केले, तर हे जंतू सापडतात आणि काही दिवसांच्या गोळ्यांवर भागते. हिची ती तपासणी झालीच नव्हती. उपचार संपल्यावर दोन आठवड्यांनी आम्ही कल्चर पुन्हा केले, कारण एकदा झालेला हा संसर्ग त्याच गरोदरपणात उलटू शकतो, आणि पुढे बाळंतपणापर्यंत दर महिन्याला ते करत राहिलो.