बोनस देऊन टाका

[दृश्य: रात्र. मराठी शाळेमागचं मैदान, हॅलोजनचा उजेड. एक पोरगा चुन्याची रेषा पुन्हा ओढतोय.]

रावेर तालुक्यातलं गाव. कबड्डीचा अंतिम सामना सुरू व्हायला दहा मिनिटं आहेत. एका बाजूला तालुक्याचा नावाजलेला संघ. एकसारख्या जर्सी, बारा खेळाडू, सोबत मालिशवाला. दुसऱ्या बाजूला आठ पोरं. त्यातली पाच केळीच्या कटाईवर जातात, म्हणजे पहाटेपासून खांद्यावर घड वाहून ट्रक भरतात. सात मैदानात, राखीव एकच. ही पोरं अंतिम फेरीत येतील असं त्यांच्या गावातही कुणाला वाटलं नव्हतं.

[दृश्य: शाळेच्या ओट्यामागे संघ गोल करून बसलाय.]

कर्णधार डावा कोपरा सांभाळतो. सगळे त्याला दादा म्हणतात. अशा वेळी गावाची इज्जत, आईबापाचे कष्ट असं काहीतरी कानावर पडेल म्हणून आम्ही कॅमेरा लावून बसलो होतो. त्यानं काडी उचलली आणि मातीत दोन रेषा ओढल्या. निदान रेषा आणि तिच्या मागे एक मीटरवर बोनस रेषा.

“पयले हे आयका. बोनस त्याले देऊन टाका.”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

तो म्हणजे समोरचा मुख्य चढाईपटू. उपांत्य सामन्यात दादानं त्यालाच बघितलं होतं. उजव्या पायाचा खेळाडू, त्यामुळे आपल्या डाव्या कोपऱ्याकडे सरकतो, बोनस रेषेपलीकडे पाय लांबवतो आणि वाट बघतो. कशाची? कोपऱ्यातला त्या पायावर झेपावण्याची. मैदानात सहा किंवा सात बचावपटू असले तरच बोनस मिळतो, आणि तो फक्त एक गुण. त्यानं कुणी बाद होत नाही. पण पाय दिसला म्हणून कोपरा झेपावला आणि घोटा निसटला, तर गुणही जातो आणि माणूसही. शेजारचा मदतीला धावला असेल तर दोघंही बाहेर. चांगला चढाईपटू बोनसचं आमिष दाखवतो ते याचसाठी.

“पाय पुढे आला की हलायचं नाही. पाठ फिरवली की मी घोटा धरीन. माझा हात लागला की बाकीच्यांनी अंगावर पडायचं. उभं राहून बघायचं नाही, भो.”

हे शेवटचं वाक्य तो उजव्या मध्यरक्षकाकडे बघून बोलला. आदल्या सामन्यात नेमकं तेच झालं होतं. दादानं घोटा धरला, बाकीचे जागेवरच राहिले, आणि चढाईपटूनं आडवं पडून हात लांबवत मध्यरेषा गाठली. पकडणाराच बाद. मध्यरक्षकानं मान खाली घातली. दादानं विषय वाढवला नाही.

मग चढाईचं. चढाई तीस सेकंदांची, अर्धा डाव वीस मिनिटांचा. “आपण घाईनं परत आलो तर त्यांच्या चढाया वाढतीन.” म्हणून निदान रेषा ओलांडायची, पूर्ण वेळ खायचा आणि हातपाय शाबूत घेऊन परत यायचं. अशा दोन रिकाम्या चढाया चालतात. तिसरीत गुण नाही मिळाला तर चढाईपटू बाद. ती तिसरी चढाई कुणाची, हेही त्यानं तिथंच ठरवलं. संघातल्या सगळ्यात किरकोळ पोराची. अंग लहान, पण पाय लांब.

[दृश्य: दादा तीन बोटं वर करतो.]

“आन् तीनच उरलो तर घाबरू नका.” तीन किंवा कमी जण असताना पकड झाली तर एकाऐवजी दोन गुण. वर्तमानपत्रात तिला अव्वल पकड म्हणतात. गावच्या स्पर्धेत हा नियम लावतातच असं नाही, म्हणून दादा संध्याकाळीच पंचांना विचारून आला होता. त्या पाच मिनिटांतली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हीच. तिघांवर आलेला संघ एरवी सगळेच बाद होऊन लोण चढणार या धास्तीनं पांगतो. या पोरांना तिथंही एक काम नेमून दिलेलं होतं.

शिट्टी झाली. पहिल्याच चढाईत समोरच्यानं पाय लांबवला. डावा कोपरा हलला नाही. बोनस गेला, शून्य–एक. प्रेक्षकांतून शिव्या आल्या. “बरोबर,” दादा म्हणाला.

सातव्या मिनिटाला तोच चढाईपटू वळला आणि पाच जण त्याच्यावर पडले. उजवा मध्यरक्षक सगळ्यात वर होता.

मध्यंतराला बारा–तेरा. पुढे समोरच्या प्रशिक्षकानं दुसरा चढाईपटू उतरवला, डाव्या पायाचा. तो उजव्या कोपऱ्यावर जायला लागला. तिथे कोवळा पोरगा होता आणि दादाच्या बोलण्यात त्या कोपऱ्यासाठी काहीच नव्हतं. लोण तिथूनच चढला. सामना पंचवीस–एकोणतीस असा गेला.

[दृश्य: सामन्यानंतर ओट्यावर दादा आणि तो कोवळा पोरगा. मातीत पुन्हा रेषा.]

“आता डाव्या पायावाला आला तर,” दादा सांगतोय, “तुझा कोणता पाय पुढे पाहिजे, दाखव.”