पन्नास केबीत बसवायचा फोटो

नमस्कार मंडळी. ऑनलाइन अर्ज भरताना ती लाल ओळ तुम्ही पाहिलीच असेल, फाइल 20 ते 50 केबीमध्येच हवी, आणि वर फोटोखाली नाव आणि तारीख टाकलेली पाहिजे. यात मी एकदा दोन तास घालवलेत, म्हणून आज फक्त त्याबद्दलच बोलतो.

माझं काय झालं सांगतो. मोबाइलचा फोटो क्रॉप केला, 1800 बाय 2400 पिक्सेल उरला, खाली पांढरी पट्टी जोडली, त्यावर नाव टाइप केलं, छान दिसत होतं. मग सेव्ह करताना क्वालिटीचा स्लायडर खाली खाली ओढत गेलो. चेहऱ्यावर चौकोन दिसायला लागले, नावाभोवती धुळीसारखे ठिपके आले, आणि एवढं करूनही फाइल 100 केबीच्या वरच!

आता असं का होतं, तर जेपेग फोटोचे 8 बाय 8 पिक्सेलचे छोटे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील जरा जरा टाकून देतं. गालावर, भिंतीवर ते कळत नाही, कारण तिथे रंग हळूहळू बदलतो. पण अक्षर म्हणजे काळ्याला लागून एकदम पांढरं, तिथे बारीक तपशील काढला की कड फाटते, आणि आपल्या लिपीत पहिला बळी अनुस्वाराचा जातो, मग रफार.

म्हणून आधी क्वालिटी नाही, आधी पिक्सेल कमी करायचे. रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी केली की पिक्सेल एक चतुर्थांश होतात. माझा फोटो मी 450 बाय 600 वर आणला, म्हणजे दोन्ही बाजू पावपट, पिक्सेल सोळावा हिस्सा. मग क्वालिटी 80 च्या आसपास ठेवूनही फाइल 45 केबीच्या जवळ आली आणि चेहरा स्वच्छ राहिला. तुमचा आकडा थोडा वेगळा येईल, कारण मागे झाडंबिडं असली की फाइल फुगते, साधी भिंत असली की आटोपशीर राहते.

पण नाव? ते मोठ्या फोटोवर लिहून मग फोटो लहान केला तर नावही पावपट होतं ना, 40 पिक्सेलचं अक्षर 10 पिक्सेलचं होणार, त्यात मात्रा कुठे मावणार! मी इथेच फसलो होतो. म्हणजे क्रम असा हवा, की आधी क्रॉप, मग लहान करणं, आणि नावाची पट्टी सगळ्यात शेवटी, छोट्या झालेल्या फोटोवर. 450 रुंदीवर 28 पिक्सेलचा जरा ठसठशीत फॉन्ट घेतला की नाव एका ओळीत बसतं, खूप लांब असेल तर दोन ओळी करा, फॉन्ट बारीक करू नका. अर्जात लांबी-रुंदी ठरवून दिली असेल तर पट्टी धरून तेवढी बसवा.

आणि अक्षरं काळीच ठेवा हां. लाल, निळी हौसेने करू नका, कारण जेपेग बऱ्याचदा उजेड-अंधार पूर्ण बारकाईने ठेवतं पण रंगाची माहिती दोन्ही दिशांना निम्मीच ठेवतं, त्यामुळे लाल अक्षराचा रंग बाजूला पसरल्यासारखा दिसतो. काळ्या-पांढऱ्यात तो प्रश्नच येत नाही.

अजून एक छुपा पाहुणा असतो. फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याची माहिती आणि एक छोटा थंबनेल बसलेला असू शकतो, तोच कधी कधी 10-15 केबी खातो. चार एमबीच्या फोटोत कोण विचारतं, पण 50 च्या मर्यादेत ते फार होतं. जिंपसारख्या एडिटरमध्ये एक्स्पोर्ट करताना एक्झिफ आणि थंबनेलच्या खुणा काढता येतात, त्या काढून टाका. उलट डीपीआयचा आकडा 300 चा 72 केला म्हणून काही फाइल लहान होत नाही, पिक्सेल तेवढेच राहतात.

जेपेग पुन्हा पुन्हा उघडून सेव्हही करत बसू नका, बदल करून सेव्ह केलं की दरवेळी थोडं थोडं झिजतं. एडिटरच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये मूळ प्रत ठेवा, फाइल 52 केबी झाली तर त्या मूळ प्रतीवरून क्वालिटी 74 करून नवीन काढा. 49.9 वर थांबू नका, 46-47 बरं, कारण काही ठिकाणी केबी म्हणजे 1000 बाइट धरतात, काही ठिकाणी 1024.

शेवटी सेव्ह झालेली फाइल, एडिटरमधली नाही, वेगळी उघडून शंभर टक्क्यांवर बघा, आणि नाव नका वाचू, ते तुम्हाला पाठ आहे, तारीख वाचा, त्यातला 3 चा 8 झालाय का, 5 चा 6 झालाय का ते बघा, किंवा सरळ घरातल्या दुसऱ्या कोणाला वाचायला सांगा.