सुजलेले घोटे आणि औषधांची पिशवी

श्रोतेहो, नमस्कार. पाय सुजले की घरात पहिलं नाव निघतं ते हृदयाचं. साताऱ्याकडच्या एक आजी माझ्याकडे आल्या, त्याही हेच म्हणाल्या, "डॉक्टर, माझं हार्ट गेलं बघा." दोन्ही घोटे सुजलेले, अंगठा दाबला की खळगा तसाच राहायचा. कुणीतरी लघवी जास्त होण्याची गोळी दिली होती. त्यानं पोटऱ्यांत गोळे यायचे, चक्कर यायची, सूज मात्र होती तिथेच.

मी विचारलं, "आजी, झोपताना उशा किती?"

"एकच की."

"रात्री धाप लागून उठून बसावं लागतं?"

"धाप कसली, लघवीलाच उठतेय!"

त्यांना पाठीला टेकण देऊन अर्धवट बसवलं आणि मानेची शीर पाहिली. हृदय थकलं की मागं तुंबलेलं रक्त मानेच्या शिरेत फुगून दिसतं. आजींची शीर फुगलेली नव्हती. सपाट झोपता येतं, धाप नाही, मानेची शीर ठीक. म्हणजे हृदयावरचा संशय बराच कमी झाला.

मूत्रपिंडाचं दुखणं असतं तर सकाळी पापण्या सुजल्या असत्या, लघवीला फेस आला असता. लघवी तपासली, प्रथिनं नव्हती. यकृताच्या आजारात बहुधा आधी पोटात पाणी भरतं. आजींचं पोट मऊ होतं. शिरांचा दोष असता तर एक पाय जास्त सुजला असता, घोट्यावरची कातडी काळपट पडली असती. तसंही काही नव्हतं.

मग मी औषधांची पिशवी ओतली. गोळ्यांची पाकिटं अशी कापलेली की नाव एका तुकड्यावर, तारीख दुसऱ्यावर! दुकानदारांनी ही कात्री बंद करावी, असं माझं जुनं मत आहे. असो. मुलानं जुनी चिठ्ठी शोधली, तेव्हा कळलं: रक्तदाबाची ॲम्लोडिपिन दिवाळीनंतर ५ वरून १० मिलीग्रॅम झाली होती. आणि सूज कधीपासून? मार्गशीर्षापासून.

या गोळीनं बारीक धमन्या सैलावतात, पण पुढच्या शिरा तेवढ्या सैलावत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर पाझरतं. पुन्हा सांगतो, इथं पाणी अंगात वाढलेलं नसतं, ते पाझरलेलं असतं. म्हणून लघवीची गोळी इथं फारशी चालत नाही.

आम्ही लघवीची गोळी थांबवली, ॲम्लोडिपिन ५ वर आणली आणि जोडीला टेल्मिसार्टन दिली. ती शिरांची बाजूही सैल करते. काही आठवड्यांत आजींच्या चपलेचा पट्टा पुन्हा लागायला लागला. रक्तदाबही ताब्यात राहिला. पण हे मापून केलं. रक्तदाबाची गोळी मनानं बंद करू नका, मनानं बंद करू नका.

आणि एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखतेय, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत धाप किंवा छातीत दुखणं असेल तर तडक मोठ्या रुग्णालयात जा.