कुणी भरली आहे का फी?

[पडद्यावर मोबाइलची स्क्रीन. नोकरी शोधणाऱ्यांचा ग्रुप. रात्रीचे पावणेअकरा.]

"माझी निवड झाली! फक्त नोंदणीची फी भरायची राहिली आहे. मुदत आज रात्री बारापर्यंत. इथे कुणी भरली आहे का फी?"

हा मेसेज आला आणि त्याच्याखाली अभिनंदनाची रांग लागली. तिनं जे विचारलं होतं, त्याचं उत्तर मात्र कुणीच दिलं नाही. मी या ग्रुपची ॲडमिन आहे. पहिलं अभिनंदन माझंच होतं, आणि ते मला आजही बोचतं.

तिनं बाराच्या आत पैसे भरले.

[चॅटचे स्क्रीनशॉट, नावं आणि नंबर झाकलेले.]

पुढे तिच्या परवानगीनं आम्ही ते सगळं चॅट सुरुवातीपासून वाचलं. मुलाखत झाली ती फक्त चॅटवर, वीस मिनिटांत. सहा प्रश्न. समोरच्याचा आवाज नाही, चेहरा नाही. अर्ध्या तासात ऑफर लेटर आलं. लोगो खरा, पत्ता खरा, सही-शिक्का सगळं जागच्या जागी. खाली एक ओळ: नोंदणी शुल्क पहिल्या पगारात परत मिळेल.

ही पहिली रक्कम मुद्दामच लहान ठेवलेली असते. तिच्या बाबतीत ती जेमतेम एका दिवसाच्या पगाराएवढी होती. एवढ्यासाठी कोण नोकरी सोडेल? आणि फसवणाऱ्यालाही खरं म्हणजे ती रक्कम नको असते. कोण पैसे देतं, एवढंच त्याला त्यातून पाहायचं असतं.

दुसऱ्या दिवशी कागदपत्रांच्या पडताळणीचे पैसे मागितले, पहिल्याच्या तिप्पट. संध्याकाळी लॅपटॉपची अनामत, दहापट. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, मला नोकरी नको, माझे पैसे परत द्या. त्यावर उत्तर आलं: परतावा मंजूर आहे, त्याचं प्रक्रिया शुल्क भरा. तेही तिनं भरलं. लोक याला भोळेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. तोवर ती नोकरीसाठी पैसे भरतच नव्हती, आधी गेलेले वाचवण्यासाठी भरत होती. फीचं नाव दर वेळी बदलतं ते याचसाठी. प्रत्येक फी शेवटची वाटली पाहिजे.

[कोरा कागद. त्यावर तीन चौकोन: उमेदवार, एजन्सी, कंपनी.]

आता खऱ्या एजन्सीचा पैसा कुठून येतो ते बघू. माणूस हवा असतो कंपनीला, म्हणून बिल कंपनीच्या नावानं फाटतं. बऱ्याचदा ते निवडलेल्या माणसाच्या वर्षाच्या पगाराच्या काही टक्के असतं. उमेदवार रुजू झाला तरच एजन्सीची कमाई होते. मग ती त्याच्या वाटेत फीचा अडसर कशाला घालेल? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1997 चा 181 क्रमांकाचा करार आहे. त्याच्या सातव्या कलमात म्हटलंय की खासगी रोजगार एजन्सीनं कामगाराकडून थेट किंवा आडमार्गानं शुल्क घेऊ नये. त्या कलमात अपवादांची सोय आहे आणि सगळ्या देशांनी करार स्वीकारलेला नाही. पण "सगळीकडे असंच असतं" या थापेला उत्तर म्हणून एवढं पुरे.

इथे कुणीतरी हमखास विचारतं, परीक्षेची अर्ज फी असते तिचं काय? ती अर्जासोबत भरतात, निवड व्हायच्या आधी. जाहीर सूचनेत तिची रक्कम सगळ्यांसाठी छापलेली असते. निवड झाल्यावर एकट्याला चॅटवर मागितलेली फी हा वेगळाच प्रकार आहे.

[ई-मेलचा पत्ता मोठा करून.]

तिच्या ऑफर लेटरचा ई-मेल आम्ही उघडला. पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीचं नाव होतं, पण ते नाव कुणालाही हवं ते लिहिता येतं. त्यावर बोट ठेवून आतला पत्ता बघायचा. समजा कंपनीची वेबसाइट example.com आहे. मग careers.example.com हा तिचाच भाग झाला. पण example-careers.com हे निराळं नाव आहे, ते कुणीही विकत घेऊ शकतं. मधल्या त्या छोट्या रेघेनंच सगळा घात केला होता.

मग lookup.icann.org वर ते नाव टाकलं. डोमेनची नोंदणी कधी झाली, ते तिथे फुकट दिसतं. कंपनी जुनी, नावाजलेली, आणि हे डोमेन जेमतेम तीन आठवड्यांचं! मात्र याच्या उलट धरून चालू नका. डोमेन जुनं असलं म्हणून माणूस खरा ठरत नाही. खऱ्या पत्त्याची नक्कलही करता येते. म्हणून शेवटची खात्री एकाच प्रकारे करायची: कंपनीची वेबसाइट आपण स्वतः शोधायची, तिथला नंबर घ्यायचा आणि विचारायचं. ऑफर लेटरवरचा नंबर लावलात तर तोच माणूस फोन उचलेल.

[पुन्हा ग्रुप. ॲडमिन मेसेज टाइप करते आहे.]

आमचा पहिला इशारा फुकट गेला. मी लिहिलं होतं: "सावध राहा, नोकरीच्या नावानं फसवणूक सुरू आहे." असं वाचून प्रत्येकाला वाटतं, हे दुसऱ्या कुणासाठी आहे. भरीला दोघांनी लगेच लिहिलं, "मला तर जॉइनिंग मिळालं," सोबत स्क्रीनशॉट. सदस्यांची यादी पाहिली तर दोघंही त्याच आठवड्यात, एकाच लिंकवरून आत आलेले. त्यांना काढलं, लिंक बदलली.

दुसरा इशारा असा लिहिला: "या कंपनीच्या नावानं या पत्त्यावरून ऑफर लेटर येतंय. मुलाखत फक्त चॅटवर घेतात. आधी नोंदणी, मग पडताळणी, मग लॅपटॉपची अनामत मागतात. कंपनीला फोन केला, असं पत्र त्यांनी पाठवलेलं नाही. पैसे भरले असतील तर मला एकटीला कळवा, नाव कुठेही जाणार नाही." मूळ जाहिरातही जोडली, पण तिच्यावर आडवी लाल रेघ मारून. नाहीतर आपलाच इशारा कापून ती जाहिरात पुढे फिरते.

त्या रात्री चौघांनी मला खासगीत लिहिलं. शेवटच्या ओळीशिवाय ते बोलले नसते, असं मला वाटतं.

चौघांनाही मी एकच क्रम सांगितला. आधी बँकेला फोन, हातात व्यवहाराचा क्रमांक घेऊन, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच काही आशा असते. मग चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, त्यानंतरच रिपोर्ट आणि ब्लॉक करा. मग पोलिसांकडे तक्रार. ओळखपत्राचे फोटो पाठवले असतील तर तक्रारीत तेही लिहा, कारण उद्या त्यावर कुणी कर्ज काढलं तर तीच नोंद कामी येते. आणि "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो" असा मेसेज आला, तर तो बहुधा त्याच टोळीचा असतो. त्यालाही आगाऊ फीच हवी असते.

[मोबाइलची स्क्रीन. काही आठवड्यांनंतर.]

ग्रुपवर एका नव्या मुलानं विचारलं, "नोंदणीची फी मागतायत. कुणी भरली आहे का?"

मी उत्तर लिहायला घेतलं, तेवढ्यात तिचा मेसेज आला.

"मी भरली होती. तू थांब. ई-मेलचा पत्ता इथे टाक, आत्ता बघू."