मुदत संपते त्या रात्री बारा वाजता

(ठाण्यातील एका गृहसंकुलाच्या सभागृहात वाहनधारकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मी नौपाड्यात गेली अनेक वर्षं गाड्यांच्या विम्याचं काम करते. पॉलिसी संपत आली की तुम्हाला मोबाइलवर आठवणीचा मेसेज येतो, तसे मेसेज मीही माझ्या ग्राहकांना पाठवते. आज त्या मेसेजमधल्या एका ओळीबद्दल बोलायचं आहे. ती ओळ मी वर्षानुवर्षं जशीच्या तशी पाठवत होते: "मुदत संपल्यानंतर 90 दिवसांच्या आत रिन्यू केल्यास नो क्लेम बोनस कायम राहील." वाक्यात चूक काहीच नाही. पण वाचणारा त्यातून भलताच अर्थ काढतो, हे मला एका पावसाळ्यात कळलं.

घोडबंदर रोडला राहणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या गाडीची पॉलिसी 30 जूनला संपत होती आणि त्या दिवशी रविवार होता. मेसेज त्यांनी वाचला होता. ते म्हणाले, "ताई, 90 दिवस आहेत ना, पगार झाला की करू." मंगळवारी संध्याकाळी माजिवड्याच्या पुलाखाली पावसात ब्रेक लागला नाही आणि त्यांची गाडी पुढच्या टेम्पोवर आदळली. बंपर, बॉनेट आणि एक हेडलाइट गेला. बुधवारी सकाळी त्यांचा फोन आला, "आता रिन्यू करून टाकतो, मग क्लेम टाकू."

तसं होत नाही. पॉलिसीवर शेवटची तारीख 30 जून असेल, तर त्या रात्री 11 वाजून 59 मिनिटांनी संरक्षण संपतं. त्यानंतर एका मिनिटाचीही सवलत नाही. आयुर्विम्यात हप्त्याला काही दिवसांची सवलतीची मुदत असते. तीच सवय आपण गाडीच्या विम्यालाही लावतो, पण गाडीच्या विम्यात ती नाही. 1938 च्या विमा कायद्यात 64 व्हीबी हे कलम आहे. त्याचा अर्थ सरळ आहे: हप्ता आधी हातात आल्याशिवाय कंपनीला जोखीम घेता येत नाही. म्हणजे मागच्या तारखेपासून विमा चालू करून देणं माझ्याही हातात नसतं आणि कंपनीच्याही नाही.

मग ते 90 दिवस कशाचे? ते फक्त बोनसचे आहेत. तुम्ही क्लेम न करता वर्षं काढलीत, त्याबद्दल पुढच्या हप्त्यात जी सूट मिळते, ती सूट जपून ठेवण्याची ती मुदत आहे. त्या 90 दिवसांत गाडीला विमा नसतोच. पैशाचा हिशोब वेगळा आणि संरक्षणाचा वेगळा, ही गोष्ट माझ्या त्या वाक्यात कुठेच लिहिलेली नव्हती.

बोनसचंही मोल लहान नाही, म्हणून आकडे मांडून दाखवते. पहिल्या क्लेमविरहित वर्षाला 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षाला 50 टक्के. ही सूट फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, ज्याला आम्ही ओन डॅमेज म्हणतो, त्याच्या हप्त्यावर मिळते. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नाही. समजा तुमच्या ओन डॅमेजचा हप्ता सूट वजा करण्याआधी 12,000 रुपये आहे आणि बोनस 50 टक्क्यांवर पोचलेला आहे. तुम्ही 6,000 भरता. आता पॉलिसी 30 जूनला संपली आणि 28 सप्टेंबर उलटून गेला, म्हणजे 90 दिवस झाले. बोनस शून्यावर आला. यंदा 12,000 भरा, म्हणजे 6,000 जास्त. पुढच्या वर्षी 20 टक्के मिळतील, तरी 3,600 जास्त. त्याच्या पुढे 3,000, मग 1,800, मग 600, आणि तेव्हा कुठे पुन्हा 50 टक्क्यांवर याल. हप्ता तेवढाच राहिला असं धरलं तर एकूण 15,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढं एका विसरण्याचं मोल. आणि हे मधल्या वर्षांत एकही क्लेम झाला नाही तर.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट थर्ड पार्टीची आहे. विमा नसलेली गाडी रस्त्यावर पकडली तर मोटार वाहन कायद्यानुसार पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा पकडल्यास दंड 4,000. हे बहुतेकांना माहीत असतं. खरी भीती वेगळी आहे. त्या काळात तुमच्या गाडीखाली कुणी आलं, तर जखमी माणूस किंवा मृताच्या घरचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातात. कमावत्या तरुण माणसाचा मृत्यू असेल, तर भरपाई त्याच्या उत्पन्नावर आणि उरलेल्या वयावर काढली जाते आणि ती रक्कम लाखांत असते. पॉलिसी चालू असती तर ती कंपनीने भरली असती, आणि मृत्यू व दुखापतीसाठी तिला वरची मर्यादाही नसते. पॉलिसी नसेल तर निवाडा तुमच्या नावावर होतो आणि वसुली तुमच्या घरादारापर्यंत येऊ शकते.

आता त्या गृहस्थांकडे परत येते, कारण पुढची गोष्ट तपासणीची आहे. ओन डॅमेजची पॉलिसी एकदा संपली की कंपनीला गाडीची आजची अवस्था माहीत नसते. खंड पडलेल्या गाडीला आमच्या भाषेत ब्रेक-इन म्हणतात, आणि अशा गाडीला तपासल्याशिवाय पॉलिसी मिळत नाही. कारण उघड आहे. गाडी ठोकल्यानंतर विमा घ्यायला येणारा माणूस कंपनीने ओळखायला हवा. दुचाकीला बऱ्याच कंपन्या ही तपासणी मागत नाहीत, चारचाकीला मात्र एक दिवसाचा खंडही पुरतो असंच धरून चाला. मुदतीच्या आत कंपनी बदलली तर तपासणी लागत नाही. फक्त थर्ड पार्टी घेतली तरी लागत नाही, कारण त्यात तुमच्या गाडीचं नुकसान येतच नाही. पण आजवर फक्त थर्ड पार्टी होती आणि आता पूर्ण पॅकेज हवं असेल तर लागते. चेक बाउन्स झाला असेल तरी लागू शकते, कारण पैसे आले नाहीत म्हणजे तेवढा काळ खंडच धरला जातो.

इथे नव्या गाडीवाल्यांसाठी थोडं थांबते. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला तीन वर्षांची आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदमच घ्यावी लागते. ओन डॅमेज मात्र सहसा एकाच वर्षाचं घेतलेलं असतं. वर्ष संपतं. मालक कागद काढून बघतो, त्यावर "विमा 2027 पर्यंत" असं काहीतरी दिसतं. तो निर्धास्त होतो आणि माझ्या मेसेजला उत्तर येतं, "ताई, माझा चालू आहे." चालू असतो तो थर्ड पार्टीचा. पोलीस अडवणार नाही, पण पार्किंगमध्ये पाणी शिरलं, झाड पडलं, गाडी चोरीला गेली, तर हाती काही नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन वेगवेगळ्या मुदती छापलेल्या असतात. दोन्हींवर बोट ठेवून वाचा.

तपासणी हल्ली बहुधा मोबाइलवर होते. कंपनी लिंक पाठवते, ती उघडून आपणच गाडीभोवती फिरून फोटो किंवा व्हिडिओ काढायचा. चारही बाजू, नंबर प्लेट दिसेल अशी पुढची आणि मागची बाजू, पुढची काच आतून-बाहेरून, इग्निशन चालू ठेवून किलोमीटरचा आकडा, गाडीवर ठोकलेला चासी नंबर आणि आरसी. वेळ आणि जागा आपोआप नोंदली जाते, म्हणून गॅलरीतले जुने फोटो चालत नाहीत. आपल्या सोसायट्यांत अडचण एकच येते: तळघरातला अंधार. गाडी उजेडात आणा, पण गेटबाहेर काढू नका, कारण त्या वेळी विमा नसतो हे विसरायचं नाही. गाडी कोरडी आणि पुसलेली हवी. चिखलाखाली ओरखडा लपला असेल असा संशय आला तर फोटो परत मागतात. चासी नंबर गंजला असेल तर कापडाने हलके पुसा, घासू नका. अंक पुसट झाले की लिंकवरून काम होत नाही आणि सर्व्हेअर घरी येतो.

त्या गृहस्थांचे फोटो गेले. वाकलेलं बॉनेट, फुटलेला हेडलाइट, सगळं दिसलं. कंपनीने प्रस्ताव परत पाठवला: आधी दुरुस्त करा, मग पुन्हा तपासणी. दुरुस्तीला 46,000 रुपये गेले, सगळे खिशातून. लहान ओरखडा असता तर अहवालात नोंदवून पॉलिसी दिली असती. पण त्या जागेचा क्लेम पुढे आला असता तर ते नुकसान वगळलं असतं. दुसऱ्या तपासणीला मंजुरी मिळाली. मंजुरीनंतर ठराविक वेळेत पैसे भरावे लागतात, नाहीतर तपासणीच परत करावी लागते. त्यांनी त्याच दिवशी भरले. 90 दिवस झाले नव्हते, त्यामुळे बोनस वाचला. गाडी बाहेर काढायच्या आधी मी त्यांना एकच गोष्ट बघायला लावली: पॉलिसीवरची सुरू होण्याची तारीख आणि वेळ. खात्यातून पैसे कापले गेले म्हणजे विमा सुरू झाला असं नाही. पॉलिसी नंबर आणि सुरुवातीची वेळ छापून आली की तिथून तो सुरू होतो.

त्यानंतर मी माझा मेसेज बदलला. आता तो असा जातो: "तुमच्या गाडीचा विमा 30 जूनच्या रात्री बारा वाजता बंद होईल. 1 जुलैपासून अपघात, पूर किंवा चोरीची भरपाई मिळणार नाही आणि गाडी तपासल्याशिवाय नवी पॉलिसी निघणार नाही. 90 दिवस फक्त बोनससाठी आहेत, विम्यासाठी नाहीत." लांब आहे, पण आता कुणी पगाराची वाट बघत नाही.

मगाशी एका आजोबांनी चिठ्ठी दिली आहे. गाडी दोन महिने गावाला, चिपळूणला, अंगणात उभी असणार आहे, चालवणार कुणी नाही, तर रिन्यू कशाला? आजोबा, थर्ड पार्टी सक्तीची आहे ती सार्वजनिक जागी गाडी वापरायला, एवढं तुमचं बरोबर. पण अंगणातून ती रस्त्यावर आणली की विमा हवाच, आणि परत येताना तुम्ही आणणारच. शिवाय अंगणातल्या गाडीवर फणसाची फांदी पडली किंवा वाशिष्ठीचं पाणी चढलं, तर ते ओन डॅमेजमध्येच येतं. दोन महिन्यांनी रिन्यू करायला गेलात, तर ती तपासणी चिपळूणच्या अंगणात उभं राहून करावी लागेल. लिंक चालायला तिथे मोबाइलची रेंज आहे का, ते मला आधी सांगा.