दोन ओळींत विषम परिपूर्ण संख्या? दाराप्ती आणि रिकामं मध्यपद

नमस्कार. 6 ही संख्या घ्या. ती स्वतः सोडून तिचे विभाजक 1, 2 आणि 3, आणि त्यांची बेरीज पुन्हा 6. 28 चंही तसंच: 1, 2, 4, 7, 14, बेरीज 28. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. आजवर सापडलेल्या सगळ्या परिपूर्ण संख्या सम आहेत. एखादी विषम परिपूर्ण संख्या असते का? 10^1500 पर्यंत तरी एकही नाही, एवढं सिद्ध झालंय. त्यापुढे एखादी दडलेली आहे की मुळात अशी संख्याच शक्य नाही, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

मी आत्ता तो सोडवतो. दोन ओळींत.

[स्क्रीनवर]
सर्व विषम परिपूर्ण संख्या परिपूर्ण असतात.
सर्व विषम परिपूर्ण संख्या विषम असतात.
म्हणून काही विषम संख्या परिपूर्ण असतात.

झालं. पहिल्या दोन ओळींशी भांडायला जागाच नाही, त्या व्याख्येतूनच येतात. आणि पहिल्या दोनांवरून तिसरीवर जायची रीत माझी नाही, ती अ‍ॅरिस्टॉटलची आहे. दोन आधारविधानांवरून एक निष्कर्ष काढणाऱ्या अशा मांडणीला संवाक्य म्हणतात, आणि पारंपरिक तर्कशास्त्रात या संवाक्याला नाव आहे, दाराप्ती. शेकडो वर्षं हा प्रकार वैध म्हणून शिकवला गेला.

अर्थात गणितज्ञांना फसवून आपण सुटणार नाही. कुठेतरी मांजर आडवं गेलंय. ते नेमकं कुठे, हे शोधायचं तर अ‍ॅरिस्टॉटलने दाराप्ती सिद्ध कसा केला ते बघावं लागतं.

त्याची पद्धत अशी: जे प्रकार उघडच वैध दिसतात, त्यांवर बाकीचे नेऊन बसवायचे. दाराप्तीत तो दुसरं विधान उलटवतो. 'सर्व विषम परिपूर्ण संख्या विषम असतात' यावरून 'काही विषम संख्या विषम परिपूर्ण असतात'. मग हे नवं विधान पहिल्याशी जोडायचं: विषम परिपूर्ण सगळ्या परिपूर्ण, आणि काही विषम संख्या विषम परिपूर्ण, म्हणून काही विषम संख्या परिपूर्ण. या शेवटच्या जोडणीला दारिई म्हणतात, आणि ती ठणठणीत आहे. आजही कुणी तिला हात लावत नाही.

म्हणजे सगळा संशय एकाच पायरीवर येतो: 'सर्व' चं 'काही' करून उलटवणं. तिथे आपण गुपचूप म्हणून गेलो, की विषम परिपूर्ण संख्या आहेत. जो प्रश्न सोडवायचा होता, तोच आधी गिळून टाकला.

अ‍ॅरिस्टॉटलने याच प्रकाराचा दुसराही एक मार्ग दाखवलाय. मध्यपदातली, म्हणजे दोन्ही आधारविधानांत येणाऱ्या गटातली, एखादी वस्तू उचला. ती परिपूर्णही आहे आणि विषमही, मग निष्कर्ष समोर उभाच आहे. मला हा मार्ग जास्त आवडतो, कारण तो काही लपवत नाही. एखादी वस्तू उचला! उचलायला तिथे काही असेल तर.

आता आधुनिक वाचन. 1879 मध्ये गणितज्ञ फ्रेगेने संख्यापकांचं, म्हणजे 'सर्व' आणि 'काही' यांचं, जे तर्कशास्त्र मांडलं, त्याच्या आजच्या चिन्हांत आपली तीन विधानं अशी दिसतात. M म्हणजे विषम परिपूर्ण, P म्हणजे परिपूर्ण, S म्हणजे विषम.

```
∀x (M(x) → P(x))
∀x (M(x) → S(x))
∃x (S(x) ∧ P(x))
```

पहिल्या दोन ओळींत बाण आहे. त्या एवढंच म्हणतात, की जे जे M असेल, ते ते P असेल. जे जे M असेल, ते ते S असेल. असेल तर. M मध्ये काहीच नसेल, तर या अटी मोडायला कुणीच नाही, म्हणून दोन्ही विधानं खरी. तिसऱ्या ओळीत मात्र बाण नाही. ती ठामपणे सांगते, की अशी एक वस्तू आहे. 'जर-तर' च्या कितीही ओळी एकावर एक रचल्या, तरी त्यांतून 'आहे' बाहेर पडत नाही.

विषम परिपूर्ण संख्येच्या बाबतीत निष्कर्ष खरा की खोटा, हे ठरलेलं नाही. म्हणून कुणी म्हणेल, 'कदाचित खराही असेल!' तर मग असं उदाहरण घेऊ, जिथे पळवाट नाही. मध्यपद: 2 पेक्षा मोठ्या सम मूळ संख्या.

[स्क्रीनवर]
2 पेक्षा मोठ्या सर्व सम मूळ संख्या सम असतात.
2 पेक्षा मोठ्या सर्व सम मूळ संख्या 2 पेक्षा मोठ्या मूळ संख्या असतात.
म्हणून 2 पेक्षा मोठ्या काही मूळ संख्या सम असतात.

आधार दोन्ही खरे, निष्कर्ष धडधडीत खोटा: 2 पेक्षा मोठ्या प्रत्येक सम संख्येला 2 ने भाग जातो, मग ती मूळ कशी असेल? आणि इथे एक गोष्ट बघा. सम संख्या भरपूर आहेत. 2 पेक्षा मोठ्या मूळ संख्याही अनंत आहेत. निष्कर्षातली दोन्ही पदं भरलेली आहेत, रिकामं आहे ते फक्त मध्यपद, जे निष्कर्षात दिसतच नाही. म्हणून निष्कर्षाकडे कितीही टक लावून बघितलं, तरी गफलत सापडत नाही.

मग कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? 'सर्व' म्हटलं की वस्तू आहेतच, असं ठरवून टाका, दाराप्ती वाचेल. ठरवता येतं, पण त्याची किंमत बघा. न्यूटनचा पहिला नियम: ज्या वस्तूवर बाहेरचं कुठलंही बल काम करत नाही, अशी प्रत्येक वस्तू स्थिर राहते किंवा सरळ रेषेत एकाच वेगाने जात राहते. विश्वात अशी एकही वस्तू नसण्याचीच शक्यता जास्त, गुरुत्वाकर्षण कुणाला सोडतं? मग नियम खोटा म्हणायचा? किंवा पुन्हा आपल्या संख्या. विषम परिपूर्ण संख्येला 105 ने भाग जात नाही, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणजेच 'सर्व विषम परिपूर्ण संख्या 105 ने न भागल्या जाणाऱ्या असतात'. 'सर्व' मध्ये अस्तित्व गृहीत धरलं, तर सिद्ध झालेलं हे प्रमेय खरं की खोटं, तेही टांगणीला लागतं. ज्या गोष्टीच्या अस्तित्वाबद्दल शंका आहे, तिच्याविषयी तर्क करता यायलाच हवा, नाहीतर 'समजा अशी संख्या आहे' म्हणून सुरू होणाऱ्या सिद्धता लिहायच्या कशा?

पण म्हणून अ‍ॅरिस्टॉटल चुकला, असं म्हणणं मला घाईचं वाटतं. त्याचं वाचन सुसंगतपणे मांडता येतं. 'सर्व अमुक तमुक आहेत' आणि 'काही अमुक तमुक आहेत' या होकारी विधानांत अस्तित्व धरायचं, नकारी विधानांत धरायचं नाही. आता 'सर्व अमुक तमुक आहेत' याच्या बरोबर विरुद्ध विधान हवं. ते 'काही अमुक तमुक नाहीत' असं न वाचता 'सगळेच अमुक तमुक आहेत असं नाही' असं वाचायचं. अ‍ॅरिस्टॉटलची स्वतःची शब्दरचनाही बऱ्याचदा अशीच आहे. या वाचनात गट रिकामा असला, तर होकारी विधान खोटं आणि त्याचं विरुद्ध विधान खरं. कुठेही विसंगती नाही, आणि परंपरेने वैध मानलेले संवाक्याचे सगळे 24 प्रकार वैध राहतात. आपल्या कोड्याचं काय होतं मग? पहिली ओळच खरी आहे असं म्हणता येत नाही. व्याख्येतून आलेलं विधानसुद्धा, गटात काहीतरी आहे हे दाखवल्याशिवाय हातात येत नाही. म्हणजे अस्तित्वाचं बिल दोन्हीकडे भरावं लागतं. एका वाचनात विधान उच्चारतानाच, दुसऱ्यात निष्कर्षाच्या वेळी.

आधुनिक वाचनात 24 पैकी 15 प्रकार टिकतात, 9 पडतात. हे 9 पाठ करायची गरज नाही. दोन्ही आधारविधानं 'सर्व' किंवा 'एकही नाही' या घाटाची, आणि निष्कर्ष मात्र 'काही' चा, असं दिसलं की तो पडणारा प्रकार. नऊच्या नऊ असेच आहेत, आणि टिकलेल्या 15 मध्ये असा एकही नाही.

पडलेल्यांपैकी पाचांमध्ये नुसता कंजूषपणा आहे: 'सर्व' चा निष्कर्ष मिळत असताना 'काही' वर समाधान मानलंय. उरलेले चार म्हणजे दाराप्ती, फेलाप्तोन, फेसापो आणि ब्रामान्तिप. या नावांत एक गंमत आहे. मध्ययुगीन शिक्षकांनी नावातल्या अक्षरांत सिद्धतेची कृती भरून ठेवली होती. 'प' चा अर्थ, इथे 'सर्व' चं 'काही' करून विधान उलटवा. म्हणजे आपली संशयित पायरी! कंजूष पाच वगळून परंपरेतल्या 19 मुख्य नावांत 'प' फक्त या चारांत आहे. ज्या जागी गळती आहे, तिथे त्यांनी नकळत खूण करून ठेवली होती.

दुरुस्ती सोपी आहे, पण नेमकी करायला हवी. दाराप्तीत तिसरं आधारविधान जोडा:

```
∃x M(x)
```

की प्रकार वैध. फेलाप्तोन आणि फेसापोलाही मध्यपद रिकामं नाही एवढं पुरतं. ब्रामान्तिपला मात्र त्याचा उपयोग नाही. M म्हणजे कुठलंही मध्यपद आणि S, P ही निष्कर्षातली पदं धरली, तर त्याचा घाट असा: सर्व P हे M, सर्व M हे S, म्हणून काही S हे P. इथे P मध्ये काहीतरी असावं लागतं. M भरलेलं आणि P रिकामं असेल, तर 'काही S हे P' कुठून येणार? आणि कंजूष पाचांना निष्कर्षाचं उद्देश्य, म्हणजे S, भरलेलं लागतं. 'काहीतरी अस्तित्वात आहे' असं मोघम म्हणून चालत नाही. कुठल्या पदात, ते प्रकारागणिक बदलतं.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांनी हे सगळं कधीतरी पाहिलेलं असतं. पायथॉनमध्ये:

```python
M = []
all(x > 0 for x in M)   # True
any(x > 0 for x in M)   # False
```

रिकाम्या यादीवर `all` खरं सांगतं, `any` खोटं. यादीतल्या सगळ्या चाचण्या पास झाल्या, असा हिरवा निकाल येतो आणि नंतर कळतं, की यादीत चाचणी एकही नव्हती. `all` ची यात काही चूक नाही. दाराप्तीसारखंच इथेही रिकामं आहे ते M, म्हणून उपायही तोच: `all(...)` च्या आधी `len(M) > 0` तपासा.