मॅन्युअल बिडिंग सोडून टार्गेट सीपीएवर कधी जायचं? एसी रिपेअरच्या अकाउंटवरून समजून घेऊ

नमस्कार मंडळी! मार्च आला की आपल्या नागपुरात एसी-कूलरवाल्यांचे फोन सुरू होतात आणि सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, गूगल ॲड्समध्ये क्लिकची बिड हातानं लावू की टार्गेट सीपीए, म्हणजे एक कॉल सरासरी कितीला पडायला हवा तो आकडा, टाकून सिस्टीमवर सोडून देऊ?

समजा सक्करदऱ्यात एक एसी रिपेअरचं दुकान आहे. महिन्याला ९,००० रुपये खर्च, १५ रुपयांच्या हिशोबानं ६०० क्लिक आणि ३६ कॉल. म्हणजे एक कॉल २५० ला पडला.

आता मॅन्युअलमध्ये होतं काय, तर दुपारी दोनला धरमपेठेतून मोबाईलवर "एसी गॅस भरणे" शोधणारा आणि रात्री निवांत एसीच्या किमती चाळणारा, दोघांसाठी जवळपास तीच १५ ची बिड जाते. वेळ आणि डिव्हाइसनुसार बिड कमीजास्त करता येते, पण प्रत्येक सर्चला वेगळी बिड हातानं लावणं कुणालाच जमत नाही. टार्गेट सीपीए ते करतो. ढोबळ गणित सोपं आहे: टार्गेट गुणिले कॉल येण्याची शक्यता. टार्गेट ४०० असेल आणि पहिल्याची शक्यता १० टक्के वाटली तर ४० रुपयांपर्यंत बिड, दुसऱ्याची १ टक्का तर फक्त ४.

मग २५० का नाही, ४०० काहून? कारण ते ३६ कॉल नीट ऐका ना भाऊ! त्यात नोकरी विचारणारे निघतात, दहा सेकंदात कट झालेले निघतात. समजा खरे गिऱ्हाईक २२ च, तर खरा खर्च ९,००० भागिले २२, म्हणजे ४०९. सिस्टीमला कचरा कॉलसुद्धा कन्व्हर्जनच, म्हणजे कामाचा कॉलच, दिसतो आणि तो स्वस्त मिळतो म्हणून ती तेच अजून शोधून आणते. म्हणून आधी कॉलची किमान लांबी ६० सेकंद वगैरे लावा, "जॉब", "कोर्स" निगेटिव्हमध्ये टाका म्हणजे त्या सर्चवर जाहिरात दिसणार नाही, आणि मगच स्विचचा विचार करा.

माझं मत, एका कॅम्पेनला ३० दिवसांत ३० च्या आसपास खरे कन्व्हर्जन येईपर्यंत मॅन्युअलच बरं. आणि हेच २२ कॉल सक्करदरा, धरमपेठ, मानेवाडा अशा तीन कॅम्पेनमध्ये विखुरले असतील तर आधी एकत्र करा, नाहीतर कुणालाच शिकायला पुरेसा डेटा मिळत नाही. सीझन चढला की ३० चा आकडा गाठणं सोपं जातं, नोव्हेंबरात स्विच करायला जाऊ नका.

सुरुवातीचं टार्गेट ४०० च ठेवा, लालच करून २५० टाकलं तर बिड पडतात, इम्प्रेशन आटतात, बजेट उरतं आणि लोक म्हणतात ऑटोमेशन बेकार आहे. स्टेटसला लर्निंग दिसतंय तोवर हात लावू नका. दोन-तीन आठवड्यांनी खरे कॉल मोजा, खर्च ४०० च्या आत असेल तर टार्गेट ३६० करून बघा, त्याहून मोठी उडी एकदम नको.